पान बसते कुठे?
मेथी, पालक आणि माठ यांची ओळख

हल्ली मंडईत एक नवा देखावा पाहावयास मिळतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी शहरात एकटा राहणारा एखादा तरुण भाजीवालीसमोर उभा असतो. समोर हिरव्या जुड्यांचे चार-पाच ढीग असतात. तो खिशातून मोबाइल काढतो, सगळ्या ढिगांचा एकच फोटो घेतो आणि गावी आईकडे धाडतो. खाली एवढेच विचारलेले असते : ‘यातली मेथी कुठली?’ आई चष्मा शोधते, फोटो डोळ्यांजवळ नेते, मग लांब धरते, आणि शेवटी उत्तर देते, ‘अरे, वास घेऊन बघ ना!’

आईचे उत्तर चुकीचे नाही. पालेभाजी ओळखण्याची आपली रीत मुळात तीन साक्षीदारांची आहे : डोळे, नाक आणि बोटे. मेथीचे पान चुरगाळले की तिचा उग्र वास बोटांना चिकटतो. चुक्याचे पान जिभेला लावले की दात आंबतात. चाकवताच्या पानाची मागची बाजू बोटांना पिठूळ लागते. फोटोत मात्र यांपैकी दोन साक्षीदार गैरहजर असतात. उरतो एकटा डोळा, आणि तोही पहिली साक्ष रंगाची काढतो, जी सर्वांत कच्ची असते.

रंग कच्चा का, तर तो पानापेक्षा उजेडावर आणि पाण्यावर अधिक अवलंबून असतो. भाजीवालीने नुकतेच पाणी शिंपडले असेल तर फिकी मेथीही पालकासारखी गर्द दिसते. डोक्यावर निळी ताडपत्री असेल तर सगळ्या भाज्यांवर निळसर छाया पडते. तांबडा माठ तरी हमखास ओळखू येईल असे वाटते. पण त्यात पाने जवळजवळ हिरवी आणि शिरा तेवढ्या तांबड्या, असेही वाण असतात. जुन्या, कृष्णधवल छायाचित्रांत तर आणखी मौज आहे. त्या काळच्या काचेच्या पट्ट्यांना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे तांबडी वस्तू त्यांवर काळी उमटे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या बाजाराच्या चित्रात जो ढीग काळाभोर दिसतो, तो गर्द हिरव्या भाजीचा असेल किंवा लालभडक माठाचाही असेल. रंगावरून निवाडा करणारा तेथे हटकून फसायचा.

मग पाहायचे काय? माझे उत्तर एका वाक्याचे आहे. पानाचा रंग पाहू नये, पान बसले आहे कुठे ते पाहावे. मेथीची पाने तीन-तीनच्या जुळणीने एकाच देठाच्या टोकावर बसतात. पालकाची पाने दांड्यावर बसतच नाहीत. प्रत्येक पान आपला लांब देठ घेऊन थेट मुळाच्या माथ्यातून निघते. माठाची पाने एका उभ्या दांड्यावर, एक या बाजूला तर दुसरे त्या बाजूला, अशी चढत जातात. एवढे पाहिले की तिन्ही भाज्या वेगळ्या पडतात. आणि मला विशेष वाटते ते हे, की त्या भाजीचा इतिहास आणि तिची चुलीवरची रीत या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी या बैठकीतूनच उलगडतात. एकेक भाजी घेऊन पाहू.

मेथीपासून आरंभ करू. मेथीचे एक पान म्हणून आपण जे खुडतो, त्यात खरे पाहता तीन छोट्या पानांची जुळणी असते. बेलाचे त्रिदल आठवा. तसेच, पण इवलेसे आणि नाजूक. यातले मधले पान जरासे पुढे येऊन बसते. प्रत्येक पान देठाशी निमुळते आणि टोकाशी रुंद, गोलसर असते, आणि टोकाच्या कडेला अगदी बारीक दाते असतात. दांडा बारीक, गोल, फिकट हिरवा. फोटो मोठा करून पाहताना एखादी तरी जुळणी सुटी दिसतेच. ती तीनाची दिसली की पुढे शोधायला नको.

मुंबईकडे मेथीचे आणखी एक रूप मिळते. समुद्राकाठच्या रेतीत वाढवलेली ही ‘समुद्रमेथी’ बोटभर उंचीचीच असते आणि मुळांसकट, चिमुकल्या जुड्या बांधून विकली जाते. तिचे दांडे पांढरट असतात आणि माथ्यावर बी फुटताना आलेली दोन लांबट-गोल दलेच ठळक दिसतात, तीनाची जुळणी नुकती कोठे डोकावत असते. फोटोत ही पाहून ‘मेथी नव्हे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिची खूण म्हणजे तो बुटका बांधा आणि मुळांना चिकटलेली रेती. तीच रेती पुढे दातांखालीही येते, म्हणून ही मेथी मुळे कापून, चार-पाच पाण्यांतून काढावी लागते.

आता मेथीचा इतिहास. तीनाची जुळणी पाहिल्यावर शेतकऱ्याच्या मुलाला एक दुसरीच वनस्पती आठवेल, ती म्हणजे जनावरांना घालण्याचा लसूणघास. आठवण योग्यच आहे, कारण दोन्ही एकाच कुळातल्या, द्विदल धान्यांच्या कुळातल्या. मेथीचे शास्त्रीय नाव ‘ट्रायगोनेला फीनम-ग्रीकम’ असे आहे, आणि त्यातील ‘फीनम-ग्रीकम’ या लॅटिन शब्दांचा सरळ अर्थ आहे ‘ग्रीकांचे वाळले गवत’. म्हणजे ज्या भाजीसाठी आपण थंडीची वाट पाहतो, ती रोमन लोकांच्या लेखी वैरण होती. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील रोमन ग्रंथकार केटो याने शेतीवर लिहिलेल्या पुस्तकात बैलांसाठी पेरावयाच्या वैरणीत मेथीचे नाव घातले आहे. मेथीची वस्ती त्याहूनही कितीतरी जुनी. इराकमधील एका उत्खननात सापडलेले मेथीचे जळके दाणे ख्रिस्तपूर्व ४००० च्या सुमाराचे ठरवले गेले आहेत. १९२२ साली उघडलेल्या इजिप्तच्या तूतनखामेन राजाच्या थडग्यातही मेथीचे दाणे होते. पश्चिम आशियात आणि भूमध्य समुद्राकाठी मेथीच्या दाण्याला आणि वैरणीला मान मिळाला. तिच्या कोवळ्या पाल्याला भाजी म्हणून रोजच्या ताटात मानाची जागा मिळाली ती मुख्यतः आपल्या देशात.

हे वैरणीचे नाते चुलीजवळ उपयोगी पडते. मेथीचा दांडा कोवळा असेपर्यंत खावा, पण पुढे तो गवतासारखा चिवट होतो. म्हणून मेथी ‘निवडायची’ असते. शेंड्याकडचा जो भाग नखाने सहज तुटतो तेवढाच घ्यावा, बाकीचा टाकावा. फोटोतही हे कळते : जुडीत पांढरी फुले किंवा बारीक टोकदार शेंगा दिसू लागल्या असतील तर ती मेथी जून झाली, कडूही अधिक लागणार. भाजीची साधी रीत अशी. कढईत तेलावर पाच-सहा लसूणपाकळ्या ठेचून आणि दोन हिरव्या मिरच्या टाकाव्यात, एक कांदा परतावा, भिजवलेली मुठभर मूगडाळ घालून ती बोटचेपी होईपर्यंत शिजू द्यावी, आणि मग चिरलेली मेथी घालून झाकण न ठेवता परतावी. मीठ सर्वांत शेवटी. याचे कारण नवशिक्याला सांगायलाच हवे : परातभर पाला शिजून वाटीभर होतो, आणि ज्याने परात पाहून मीठ घातले त्याची भाजी खारट झालीच. मूगडाळ नसेल तर शेवटी दोन-तीन चमचे बेसन पेरून एक वाफ आणावी. डाळ काय आणि पीठ काय, दोघांचे काम एकच, कडूपणाला सोबत देण्याचे. मेथीचा कडूपणा घालवायचा नसतो, त्याला माणसांत आणायचे असते.

पालकाचा कारभार अगदी निराळा. जुडी आडवी ठेवलेली पाहा. लांब, गुळगुळीत, सपाट, तळहाताएवढी पाने, प्रत्येकाला स्वतःचा लांब देठ, आणि सगळे देठ एका टोकाला सारखे कापलेले. दांडा कुठेच नाही, फांदी कुठेच नाही. पानांच्या कडा सरळ, त्यांना दाते नाहीत. पुष्कळदा देठांच्या बुडाशी फिकी गुलाबी झाक असते. शेतकरी पालक उपटीत नाही, विळ्याने बुडाशी कापतो; मुळाचा माथा जमिनीत राहतो आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा पाने देतो. म्हणून बाजारातल्या पालकाला बहुधा मुळे नसतात.

देठांच्या त्या गुलाबी झाकेत एक गमतीची गोष्ट दडली आहे. आपल्या बाजारात पालक म्हणून जो विकला जातो, तो बहुतांशी इंग्रजी पुस्तकांतला ‘स्पिनॅच’ नव्हेच. तो बीटाचा भाऊ आहे. बंगालमधील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या विल्यम रॉक्सबर्ग याने त्याला ‘बीटा बेंगालेन्सिस’ असे नाव दिले होते, आणि आजचे शास्त्रज्ञ त्याला बीटाच्याच जातीत धरतात. ज्यांना पुरावा हवा असेल त्यांनी पालकाचे बी आणि बीटाचे बी शेजारी शेजारी ठेवून पाहावे. दोन्हीकडे तेच ओबडधोबड, गाठाळ दाणे दिसतील. खरा विलायती पालक निराळा. त्याचे पान बरेचदा बाणाच्या टोकासारखे, देठाशी दोन कान फुटलेले असते, किंवा सुरकुतलेले, जाडसर असते. आणि त्याची रोपे पुष्कळदा गुलाबी मुळाच्या बोंडासकट उपटून विकली जातात. आपल्याकडे थंडीत आणि डोंगराळ मुलुखात तो मिळतो. फोटोत कान असलेले पान दिसले तर विलायती, आणि लांबट, कान नसलेले, गुळगुळीत पान दिसले तर देशी, असा ढोबळ नियम ठेवावा. शिजवताना मात्र दोघांची रीत एकच चालते.

एका नावाखाली या दोन वनस्पती कशा आल्या, हे पाहू गेल्यास नावाचा प्रवास मोठा रंजक आहे. विलायती पालकाचे मूळ इराणकडचे. फारसीत त्याला ‘अस्पानाख’ म्हणत. अरबांनी ते ‘इस्फानाख’ केले, आणि त्यांच्याबरोबर ते स्पेनला जाऊन पुढे इंग्रजी ‘स्पिनॅच’ झाले. बाराव्या शतकातील सेव्हिलचा शेतीशास्त्रज्ञ इब्न अल-अव्वाम याने त्याला ‘भाज्यांचा सरदार’ म्हटले. पूर्वेकडे, इ. स. ६४७ मध्ये नेपाळच्या राजाने चीनच्या तांग सम्राटाला ज्या भेटी पाठवल्या त्यांत ही भाजी होती, अशी चिनी नोंद आहे. आणि तिच्या ‘पो-लिंग’ या चिनी नावाचा संबंध काही विद्वान संस्कृत ‘पालंक्या’ या शब्दाशी जोडतात. आपल्याकडे ‘पालंक्या’ हे नाव तर सुश्रुतसंहितेतही येते. तेथे तंडुलीयक, उपोदिका आणि वास्तूक, म्हणजे आपल्या बोलीत तांदुळजा, मायाळू आणि चाकवत, यांच्या पंक्तीला ती बसलेली आहे. नाव एक राहिले आणि त्याखाली दोन वनस्पती नांदल्या. इतिहासात माणसांच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते, भाज्यांच्या बाबतीतही घडते. म्हणून जुन्या ग्रंथात ‘पालंक्या’ वाचले की आपल्या मंडईतलीच जुडी डोळ्यांपुढे आणणे धोक्याचे आहे.

पालकाला दांडा नाही, तो सगळा पानच आहे, आणि त्याच्या पाककृतीचे मर्म यातच आहे. शिजला की तो विरघळतो. म्हणून कोरडी भाजी करण्यापेक्षा पातळ भाजी हा त्याचा सहजधर्म. चौघांना पुरेल अशा भाजीसाठी एक मोठी जुडी घ्यावी. दोन चमचे हरभराडाळ आणि दोन चमचे शेंगदाणे दोन-तीन तास भिजवून चिरलेल्या पालकाबरोबर शिजवावेत. दोन चमचे बेसन दोन वाट्या आंबट ताकात गुठळी न राहू देता कालवावे. शिजलेला पालक रवीने किंवा पळीने घोटून त्यात हे ताक घालावे आणि मंद आचेवर ढवळत राहावे. वरून मोहरी, हिंग, हळद, चार मेथीदाणे आणि मिरची यांची फोडणी द्यावी, चवीला मीठ आणि गुळाचा खडा घालावा.

येथे दोन ठिकाणी नवशिके अडतात. पहिले म्हणजे ताक फुटते. नुसते ताक उकळले की त्यातले घट्ट आणि पाणी वेगळे होते. बेसन त्याला धरून ठेवते. म्हणून बेसन आधी ताकात कालवायचे, मागाहून पातेल्यात भुरभुरायचे नव्हे. दुसरे, पालक खाल्ल्यावर दातांवर एक खरखरीत लेप बसल्यासारखे वाटते. पालकातल्या ऑक्झॅलिक आम्लाचा तो परिणाम. ताकातला चुना त्या आम्लाचा काही भाग बांधून टाकतो. आपल्या आज्यांना हे रसायन ठाऊक नव्हते, पण ताकातला पालक तोंडाला बरा लागतो हे ठाऊक होते, आणि स्वयंपाकघरात तेवढे ज्ञान पुरते.

राहिला माठ. हा उभा गडी. मधे सरळ, रसरशीत, बारीक खाचा असलेला दांडा, आणि त्यावर एकाआड एक चढत गेलेली पाने. पान अंडाकृती किंवा शंकरपाळ्यासारखे, आणि त्यावरच्या शिरा पिसाच्या रेषांसारख्या खोल उमटलेल्या. पालकाचे पान गुळगुळीत दिसते, माठाचे शिरांनी रेखलेले दिसते. हा फरक फोटोत चटकन भरतो. जुडीत दांड्याच्या शेंड्याला किंवा पानांच्या बगलेत बारीक मण्यांचे झुबके, म्हणजे तुरे, दिसू लागले असतील तर भाजी जून झाली असे समजावे.

माठाचे घराणे मोठे आहे. तांबडा माठ, हिरवा माठ, तांदुळजा, राजगिरा ही सगळी एकाच घरातली भावंडे. या घराण्याचे शास्त्रीय नाव ‘अमरँथस’, आणि ज्या ग्रीक शब्दावरून ते आले त्याचा अर्थ ‘न कोमेजणारा’, कारण त्याचे तुरे वाळले तरी रंग सोडीत नाहीत. भाजीचा जो माठ, ज्याला लिनियसने १७५३ मध्ये ‘अमरँथस ट्रायकलर’ असे नाव दिले, तो आशियातलाच, आपल्याच मातीचा. सोळाव्या शतकातील भावप्रकाशाच्या शाकवर्गात माठाचे पांढरा आणि तांबडा असे दोन प्रकार सांगितलेले आहेत. म्हणजे मंडईतली आजची वाटणी तेव्हाही होती.

पण त्याच घरातला राजगिरा मात्र समुद्रापलीकडचा. तो मूळचा अमेरिकेचा, आणि मेक्सिकोच्या अझ्टेक लोकांचे तर ते एक प्रमुख धान्य होते. राजाला खंडणीत ते द्यावे लागे. सणाच्या दिवशी राजगिऱ्याचे पीठ गोड पाकात मळून त्याच्या देवांच्या मूर्ती करीत आणि नंतर त्या प्रसाद म्हणून वाटून खात. १५२१ साली स्पॅनिश सैन्याने त्यांची राजधानी घेतली, आणि पुढे मूर्तिपूजेशी जोडलेले हे धान्य परक्या धर्मगुरूंच्या डोळ्यांत खुपू लागले. तरी ते नाहीसे झाले नाही. आजही मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या पाकात घालून वड्या करतात आणि त्यांना ‘आलेग्रिया’, म्हणजे ‘आनंद’, असे म्हणतात. आपण गुळाच्या पाकात त्याच लाह्यांचे लाडू वळतो आणि एकादशीला उपासाचे म्हणून खातो. दोन देशांनी एकमेकांना न विचारता एकाच दाण्याला देवाजवळ नेऊन बसवले, यापरती गोड गोष्ट दिवाळीच्या फराळाजवळ दुसरी कोणती सांगावी? राजगिऱ्याची कोवळी पानेही भाजीला येतात. फोटोत तो माठापेक्षा लांब पानांचा, निमुळत्या टोकांचा, आणि मोठा झाला की डोक्यावर भरगच्च तुरा मिरवणारा दिसेल.

माठाला दांडा आहे, म्हणून त्याच्या भाज्या दोन. पानांची एक, दांड्यांची दुसरी. पानांची रीत सोपी. दोन जुड्या निवडून, आधी धुऊन मग चिराव्यात. चिरून धुतल्या की तांबडा रंग आणि चव पाण्याबरोबर जाते, कारण तो रंग पाण्यात विरघळणारा आहे. तेलावर चार लसूणपाकळ्या, दोन मिरच्या आणि दोन कांदे परतावेत, भाजी घालावी, पाणी मुळीच घालू नये. पानांना चिकटलेल्या पाण्यातच ती शिजते. मीठ येथेही शेवटी, आणि उतरताना अर्धी वाटी ओले खोबरे. जाड दांड्यांची रीत कोकणाने जपली आहे. तेथे त्यांना देठी म्हणतात. वरची दोऱ्यासारखी साल ओढून काढायची, बोटभर तुकडे करायचे, आणि वालाबरोबर किंवा फणसाच्या आठळ्यांबरोबर शिजवून नारळ घालायचा. साल राहिली तर तुकडा चावूनही सुटत नाही. ती काढायला आळस केलेला जेवणाऱ्याला पहिल्या घासाला कळतो. ऋषिपंचमीच्या भाजीत माठ आणि त्याचे देठ हटकून असतात. बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खायचे नाही, आणि माठ तर परसात, नांगरावाचून येतो.

आता ही कसोटी एका प्रत्यक्ष फोटोवर लावून पाहू. सातारा जिल्ह्यातील एका आठवडी बाजाराचे रंगीत छायाचित्र मी मोठे करून घेतले आणि शाळेत सातवीच्या वर्गापुढे ठेवले. गोणपाटावर पाच ढीग, मागे पाण्याचा तांब्या. मुलांचे पहिले उत्तर एकमुखी आले : एक तांबडा माठ, बाकी चार पालक! मग मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला, ‘पान बसते कुठे?’ आणि मुले फोटोशी नाक लावून बसली.

डावीकडच्या ढिगात पाने बारीक, दाट, एकमेकांत गुंतलेली. कडेला सुटलेल्या एका काडीवर तीनाची जुळणी दिसली. मेथी. दुसऱ्या ढिगात लांब देठांची मोठी पाने, सगळी बुडाशी सारखी कापलेली, दांडा नाही. पालक. तिसऱ्यात तांबडे दांडे आणि त्यांवर चढती पाने. माठ, येथे रंगाने आणि बैठकीने एकच साक्ष दिली. चौथा ढीग हिरवा, पानांना लांब देठ, म्हणून अर्धा वर्ग पुन्हा ‘पालक’ म्हणाला. पण एका मुलीने बोट ठेवले : ‘गुरुजी, यात मधून काडी गेलीय.’ काडी म्हणजे दांडा. पाने लहान, त्यांवर शिरा रेखलेल्या, आणि काही पानांच्या टोकाशी किंचित खाच. माठाचेच घराणे, पण सडपातळ. तिच्या घरी त्याला तांदुळजा म्हणतात, आणि लसणावर परततात.

पाचवा ढीग खरा परीक्षक निघाला. पाने बुडातून निघालेली, दांडा जवळजवळ नाही, म्हणजे बैठक पालकाची. पण पान पालकापेक्षा आखूड, जाड, पोपटी, आणि आकार लांबोडका नव्हे तर इस्पिकासारखा. तो आंबट चुका होता. हा घोटाळा ताटात महाग पडतो, कारण चुका पालकासारखा जुडीभर शिजवून ताक घातले तर भाजी आंबटढोण होईल. चुक्याला ताक नको, डाळ आणि गूळ हवा. म्हणजे बैठक पाहिल्यावर पानाचा घाटही पाहावा लागतो. बैठकीने घराचा वाडा कळतो, घाटाने खोली.

या कसोटीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कोवळा हिरवा माठ आणि तांदुळजा फोटोत वेगळे करणे पुष्कळदा अशक्य असते. सुदैवाने दोघांची भाजी एकाच रीतीने होते, तेव्हा नुकसान नाही. चिरलेली भाजी फोटोवरून ओळखू नये, कारण चिरल्यावर बैठक नाहीशी होते. आणि वाळलेला पाला तर मुळीच ओळखू नये. २०२० साली उत्तर प्रदेशातील कनौज जिल्ह्यात एका कुटुंबाने सुकी मेथी समजून गांजाच्या पाल्याची भाजी केली, आणि घरातल्या सहा जणांना रुग्णालयात न्यावे लागले. ताज्या गांजाचे पान हाताच्या पसरलेल्या बोटांसारखे, करवती कडांचे असते. मेथीच्या त्रिदलाशी त्याचे काही साम्य नाही. पण वाळून चुरा झाला की बोटेही गेली आणि त्रिदलही गेले. उरला नुसता हिरवट चुरा, आणि त्यावरचा विश्वास. कोरडी मेथी विकत घेताना म्हणूनच ओळखीचे दुकान आणि स्वतःचे नाक, दोन्ही हवीत.

आणि फोटोवरूनच विचारायचे असेल, तर ढिगाचा फोटो पाठवू नये. भाजीवालीला विनंती करून जुडीतली एकच काडी बुडापासून शेंड्यापर्यंत तळहातावर आडवी ठेवावी आणि तिचा फोटो काढावा. तळहातामुळे पानाचा आकार कळतो, बुडामुळे मूळ की कापलेला देठ ते कळते, आणि मधे दांडा आहे की नाही हे लपत नाही. ढिगाच्या दहा फोटोंनी जे सांगता येत नाही ते ही एक काडी सांगते.

दिवाळी संपून थंडी पडू लागली की मेथी आणि पालक आपल्या ऐन बहरात येतात. उन्हाची आणि पावसाची आवड असलेला माठ तेव्हा मागे सरतो. आता पाण्याच्या सोयीने सगळे बारमाही मिळते हे खरे, पण मार्गशीर्षातली मेथी आणि वैशाखातली मेथी यांत जो फरक आहे तो जिभेला अजून कळतो. यंदा घरात पहिली जुडी येईल तेव्हा ती लगेच विळीखाली घालू नका. मुलांना जवळ बोलवा, एकेक काडी त्यांच्या हातात द्या, आणि पान कुठे बसले आहे ते त्यांनाच शोधू द्या. निवडायला चार हात मिळतील, हा लाभ निराळाच.